वेरूळ वाचले, साताऱ्याचा खंडोबा पडला

शाळेत इतिहास शिकवीत असताना दरवर्षी हिवाळ्यात मुलांना घेऊन मी वेरूळला जात असे. कैलास लेण्याच्या अंगणात शिरले की डाव्या-उजव्या हातास एकसंध खडकातून कोरलेले दोन प्रचंड हत्ती दिसतात. दोघांच्याही सोंडा नाहीत. मुले तेथे थबकत आणि ठरलेला प्रश्न येई, ‘गुरुजी, ह्या कोणी तोडल्या?’ मी उत्तर देण्यापूर्वीच दुसरा एखादा मुलगा मोठ्या खात्रीने सांगून टाकी, ‘औरंगजेबाने!’ पहिली काही वर्षे मीही मान डोलावून पुढे चालत असे. ज्या शहरास त्या बादशहाने 1653 मध्ये आपले नाव दिले आणि ज्याचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, त्या शहरात वाढलेल्या मुलास दुसरे उत्तर सुचणे कठीणच.

पुढे जुने ग्रंथ चाळू लागलो तेव्हा ध्यानात आले की प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मूर्तिभंजन हे बादशहाच्या हातून झाले, ह्यात संशय नाही. ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. परंतु त्याने काय फोडले आणि काय फोडले नाही, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर मूर्ती का फोडल्या जातात ह्याविषयी आपल्या पुष्कळ कल्पना डळमळीत होतात. आज त्यासंबंधी थोडे सांगावयाचे आहे.

प्रथम दगडाचीच साक्ष घेऊ. वेरूळचा खडक म्हणजे आपला काळा पाषाण. तो टणक असला तरी त्यात मूळच्याच चिरा आहेत, आणि पावसाळ्यात त्या चिरांतून पाणी पाझरते. पाणी मुरले की खडकाचे पापुद्रे सुटतात, आणि जे अवयव पुढे आलेले, खालून आधार नसलेले असतात ते आधी पडतात. हत्तीची सोंड, देवीचा उचललेला हात, छत्रीचा काठ हे असे अवयव होत. कैलासातून दक्षिणेकडच्या लेण्यास जोडणारा दगडी पूलदेखील असाच केव्हातरी कोसळला. त्यावर कोणी घण घातला नव्हता. आपोआप झालेली झीज ओळखण्याची खूण अशी की मूर्तीवरची भेग मूर्तीपाशी थांबत नाही. ती मागच्या भिंतीत, कधी वरच्या छतातही तशीच पुढे गेलेली दिसते.

मनुष्याने घातलेला घाव वेगळा असतो. तो चेहरा शोधतो. नाक, डोळे आणि आशीर्वाद देणारा हात एवढेच उडालेले असतात, आणि बाजूच्या वेलबुट्टीस, चवरी ढाळणाऱ्या दासीस धक्काही लागलेला नसतो. घाव जेथे बसला तेथे दगडात वाटीसारखा खळगा पडतो. शिवाय असे घाव बहुधा उभ्या माणसाचा हात पोहोचेल तेवढ्याच उंचीपर्यंत असतात. वेरूळात दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात. म्हणजे तेथे कधीच कोणी हात उचलला नाही असे म्हणणे बरोबर नव्हे. परंतु बादशाही फौज एखादे स्थळ जमीनदोस्त करण्याच्या हेतूने आली म्हणजे जे होते, ते तेथे झालेले नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत हजारो आकृती जागच्या जागी आहेत. कैलासावर एके काळी चुन्याचा गिलावा व रंग होता आणि त्यावरून लोक त्यास रंगमहाल म्हणत. त्या रंगाचे तुकडे अजूनही ठिकठिकाणी चिकटून आहेत.

आता कागदाची साक्ष. औरंगजेबाच्या कारकिर्दीचा दरबारी वृत्तांत साकी मुस्तैदखान ह्याने बादशहाच्या मृत्यूनंतर, 1710 मध्ये पुरा केला. त्याचे नाव ‘मआसिरे आलमगिरी’. देवळे पाडल्याच्या हकिकती लपविण्याची ह्या ग्रंथकारास गरज वाटत नव्हती. उलट त्या तो अभिमानाने देतो. मथुरेचे केशवदेवाचे देऊळ 1670 मध्ये पाडले आणि तेथील मूर्ती आग्र्यास नेऊन मशिदीच्या पायऱ्यांखाली पुरल्या, हे तो सांगतो. जोधपुराहून 1679 मध्ये मूर्तींनी भरलेल्या गाड्या दिल्लीस आल्या, हेही सांगतो. हाच ग्रंथकार वेरूळविषयी लिहू लागला की त्याचा सूरच पालटतो. डोंगराच्या पोटात हे कोरणाऱ्या प्राचीन कारागिरांचे सामर्थ्य, त्या खोऱ्याची हिरवळ, झऱ्याचे पाणी ह्यांचे तो सहलीस आलेल्या रसिकासारखे कौतुक करतो. बादशहाच्या स्वतःच्या पत्रव्यवहारातही वेरूळचा उल्लेख परमेश्वराच्या अद्भुत कारागिरीचा नमुना म्हणून येतो. त्याच्याही आधी सुमारे चारशे वर्षे, अल्लाउद्दीन खिलजीचे सैनिक सुट्टी मागून ही लेणी पाहावयास गेले होते, अशी कथा फिरिश्त्याने दिली आहे.

हे एक पारडे झाले. दुसऱ्या पारड्यात आपल्या शहराच्या दक्षिणेस डोंगराच्या कुशीत असलेले सातारा गाव आहे. (कृष्णाकाठचे सातारा निराळे, हे दूरच्या श्रोत्यांसाठी सांगितले पाहिजे.) म्हातारपणी औरंगजेबाने आपला नातू बेदारबख्त ह्यास लिहिलेले एक पत्र ‘कलिमाते तय्यिबात’ ह्या संग्रहात आहे, आणि यदुनाथ सरकारांनी ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. त्यात आजोबा नातवास सांगतो की औरंगाबादेजवळचे सातारा गाव ही माझी शिकारीची जागा होती. तेथे टेकडीवर खंडेरायाची मूर्ती असलेले देऊळ होते. ईश्वरी कृपेने मी ते पाडले आणि देवळात नाचणाऱ्या स्त्रियांचा धंदा बंद केला. नाचणाऱ्या स्त्रिया म्हणजे उघडच आपल्या मुरळ्या.

ही घटना त्याच्या शाहजादेपणाची, दक्षिणेच्या सुभेदारीच्या काळातील आहे. म्हणजे ज्या मनुष्याने शहरालगतच्या टेकडीवरचे लहानसे देऊळ पाडले, त्यानेच शहरापासून वीस मैलांच्या आत असलेला सबंध डोंगर, ज्यात शेकडो देव कोरलेले आहेत, तो तसाच राहू दिला. शिल्प पाहून मोह पडला, एवढ्याने हे उलगडत नाही. केशवदेवाचे देऊळ कमी देखणे नव्हते.

ह्या कोड्याचे एक उत्तर अलीकडचे पुष्कळ विद्वान देतात. त्यांचे म्हणणे असे की मूर्तिभंजन हा धर्माचा नव्हे, राजकारणाचा व्यवहार होता. राजाचे कुलदैवत म्हणजे त्याच्या राज्याचा खरा धनी. राजा जिंकला तरी देव जागेवर असेपर्यंत राज्य पुरते जिंकले असे होत नाही; म्हणून बंडखोराच्या देवळावर घाव पडतो आणि आज्ञाधारक प्रजेच्या देवळास सनद मिळते. ह्या मतात तथ्य आहे. मथुरेच्या परिसरात 1669 मध्ये जाटांनी बंड केले होते. जोधपूरच्या वेळी राठोडांच्या वारसाचा तंटा पेटला होता. त्याच औरंगजेबाने 1659 मध्ये काशीच्या अधिकाऱ्यास फर्मान धाडले की आमच्या शास्त्राप्रमाणे जुनी देवळे पाडावयाची नाहीत, मात्र नवी बांधू द्यावयाची नाहीत, आणि तेथील ब्राह्मणांस कोणी त्रास देऊ नये. त्या वेळी गादीचा वाद मिटलेला नव्हता आणि काशीकरांस दुखविणे परवडणारे नव्हते. पुढे दहाच वर्षांनी, 1669 मध्ये, विश्वेश्वराचे देऊळ पाडण्यात आले, आणि ते काही नवे देऊळ नव्हते. शास्त्र तेच राहिले, हिशेब बदलला.

हा व्यवहार मुसलमान राजांपुरताच होता असेही नाही. वेरूळचा कैलास ज्यांच्या घराण्यातील पहिल्या कृष्णाने आठव्या शतकात खोदविला, त्या राष्ट्रकूटांपैकी तिसरा इंद्र पुढे कनोजच्या प्रतिहारांवर चालून गेला. खंबायतेच्या इ. स. 930 च्या ताम्रपटात कवीने मोठ्या डौलाने लिहिले आहे की त्याच्या हत्तींनी सुळ्यांच्या आघातांनी कालप्रियाच्या देवळाचे अंगण खाचखळग्यांचे करून टाकले. देऊळच पाडले की नुसते आवार उधळले, ह्यावर पंडितांत वाद आहे. पण शत्रूच्या देवाचे अंगण तुडविणे ही बढाई मारण्याजोगी गोष्ट वाटत होती, एवढे निश्चित. काश्मीरच्या हर्ष राजाने तर अकराव्या शतकाच्या अखेरीस देव उपटण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारीच नेमला होता. त्याच्या अधिकारपदाचे ‘देवोत्पाटननायक’ हे नाव कल्हणाने नोंदविले आहे. त्या राजाचे भांडण सिद्धान्ताशी नव्हते, त्यास धातूच्या मूर्तींतील सोने-रुपे पाहिजे होते.

तरीपण राजकारणाचे हे उत्तर सातारा गावापाशी येऊन अडते. तेथे बंड नव्हते, राजा नव्हता, खजिना असावा असेही काही नव्हते. धनगर-कुणब्यांचा देव, बेलभंडारा आणि मुरळ्या एवढाच त्या टेकडीचा संसार. शाहजादा शिकारीस निघाला की तो त्याच्या दृष्टीस पडे. येथे धर्मबुद्धीच बोलते आहे, आणि पाडण्यातला आनंद पन्नासेक वर्षांनंतरच्या पत्रातही ओसरलेला नाही. म्हणून जे लोक धर्माचा भाग अजिबात वगळतात, त्यांच्याशी माझे जमत नाही. दक्षिणेच्या स्वारीत त्याच बादशहाने रुहुल्लाखानास लिहिलेले पत्रही असेच बोलके आहे. ह्या मुलुखातील इमारती दगडा-लोखंडाच्या व फार मजबूत. कूच करीत असताना आमच्या कुदळवाल्यांस वाटेतील देवळे पाडण्यास पुरेशी सवड मिळत नाही. तेव्हा एक धर्मनिष्ठ दारोगा नेमावा, आणि त्याने मागाहून सावकाश पाया खणून काढावा, असा त्या पत्राचा आशय आहे. सैन्य पुढे गेल्यानंतर सावकाश पाया खणण्यात लष्करी लाभ काय? काहीच नाही.

मग धर्मबुद्धीलाही वेरूळ का सलले नाही? माझ्या मते त्याचे उत्तर मूर्ती म्हणजे काय ह्या मूळ प्रश्नात आहे. आपल्याकडे पाथरवटाने घडविलेला दगड हा देव नव्हे. प्राणप्रतिष्ठा झाली, डोळे उघडले, नैवेद्य सुरू झाला म्हणजे तो देव. तो जमिनीचा मालक होतो, त्याच्या नावे इनाम लागते. उलट मूर्ती भंगली की आपलेच शास्त्र तिची पूजा थांबवावयास सांगते. खंडित मूर्तीचे जलात विसर्जन करावे आणि नवी बसवावी, असा जीर्णोद्धाराचा विधी पुराणांत आहे. फोडणाऱ्यास हे चांगले ठाऊक होते. म्हणूनच सबंध मूर्तीचा चुरा करण्याची गरज नसे; नाक उडविले की काम भागे. तो घाव दगडावर नसून पूजेवर असतो. कैलास खोदविणारे राष्ट्रकूट 973 मध्येच अस्तास गेले होते. त्या डोंगरातील देवांच्या नावे सतराव्या शतकात कोणी लढत नव्हते, कोणाचे राज्य त्यांच्यावर उभे नव्हते. बादशहाच्या लेखी ते प्राचीनांचे अवशेष होते, आणि अवशेष पाहून मनुष्यास ईश्वराचे सामर्थ्य आठवावे हे त्याच्या धर्मास धरूनच होते. साताऱ्याच्या टेकडीवर मात्र घंटा वाजत होती.

ख्रिस्ती जगतात हाच वाद घरातल्या घरात झाला, म्हणून तो पाहण्यासारखा आहे. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट तिसरा लिओ ह्याने 726 च्या सुमारास धार्मिक चित्रांविरुद्ध मोहीम उघडली. त्याच्या पुत्राने 754 मध्ये धर्मपरिषद भरवून सिद्धान्त मांडविला तो असा: ख्रिस्तातील देवत्व रेषेत मावत नाही, चित्रकाराने केवळ मनुष्य रंगविला असे म्हणावे तर ख्रिस्ताचे दोन तुकडे होतात, म्हणून चित्र कसेही काढा, पाखंडच. चित्रांची बाजू त्यापूर्वीच मांडली होती दमास्कसच्या योहानाने. ज्या दिवशी देव देह धारण करून आला त्याच दिवशी तो चित्रात येण्याजोगा झाला, आणि चित्रास केलेला नमस्कार चित्रापाशी थांबत नाही, मूळ पुरुषास पोहोचतो, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की हा योहान खलिफाच्या राज्यात राहत होता, म्हणून ख्रिस्ती सम्राटाचा हात त्यास लागू शकला नाही.

पण हा वाद शास्त्रार्थाने सुटला नाही. चित्रे पुढे 787 मध्ये परत आली. नंतर 813 मध्ये बल्गारांनी सम्राटाच्या सैन्याचा धुव्वा उडविला, तेव्हा नवा सम्राट पाचवा लिओ ह्याने हिशेब मांडला की चित्रे फोडणारे सम्राट लढाया जिंकून गादीवरच वारले, आणि चित्रे पुजणारे हरले. तेव्हा फोडणेच देवास मान्य असले पाहिजे. बंदी पुन्हा आली आणि 843 पर्यंत टिकली. येथे धर्म कोठे संपतो आणि राजकारण कोठे सुरू होते, हे रेघ ओढून दाखविणे मला तरी साधलेले नाही. पराभव हाच त्यांच्या दृष्टीने देवाचा अभिप्राय होता.

आपल्या मराठी मुलुखास ह्याहून जवळचे उदाहरण गोव्याचे. 1566 च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्समध्ये कॅल्व्हिनपंथी जमावाने अँटवर्पच्या मुख्य चर्चमधील संतांच्या मूर्ती फोडल्या. सबंध कॅथलिक युरोप त्या वार्तेने हादरला. तीनच वर्षांपूर्वी, 1563 मध्ये, कॅथलिक धर्मगुरूंनी ट्रेंटच्या परिषदेत ठराव केला होता की मूर्तीस दिलेला मान मूळ संतास पोहोचतो. योहानाचाच जुना युक्तिवाद. आणि अँटवर्पला मूर्ती फुटत होत्या त्याच सुमारास, 1566-67 मध्ये, त्याच पंथाचे पोर्तुगीज अधिकारी गोव्याच्या साष्टी महालात देवळांमागून देवळे जाळीत होते. मान मूळ देवास पोहोचतो हा न्याय शांतादुर्गेस किंवा मंगेशास लागू करण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. आपली ती प्रतिमा आणि दुसऱ्याची ती मूर्ती! नव्या देवळास बंदी, जुन्याच्या दुरुस्तीसही बंदी, अशी आज्ञा सुटली.

तेथील भाविकांनी काय केले? कुशस्थळीचा मंगेश खाडी ओलांडून प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. अंत्रुज महालातील ही गावे त्या वेळी कोणाच्या ताब्यात होती? विजापूरच्या आदिलशहाच्या. ख्रिस्ती मूर्तिभंजकांपासून पळालेल्या हिंदू देवांस मुसलमान सुलतानाच्या मुलुखात आसरा मिळाला, आणि आजही ती देवस्थाने तेथेच नांदत आहेत. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे लिंगही असेच पलीकडे नार्व्यास नेले गेले. तेथील देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झाला. देव उचलून नेता येतो, ही जी सोय आपल्या शास्त्राने ठेवली आहे, तिच्यावर ह्या सगळ्या कुटुंबांचा निभाव लागला. डोंगरात कोरलेल्या देवास ती सोय नाही.

ह्यामुळे मुलांना पुढे पुढे मी निराळे उत्तर देऊ लागलो. मी त्यांना भेग कोठवर जाते ती बोटाने गिरवून पाहावयास सांगे, आणि मग येताना वेरूळचा घाट चढून खुलताबादेस नेत असे. वेरूळपासून दोन-तीन मैलांवर ती बादशहाची कबर आहे. वर घुमट नाही, आकृती नाही. उघड्या आकाशाखाली मातीचा एक चौकोन. आयुष्यभर प्रतिमांशी वैर धरलेल्या मनुष्याने आपल्या कबरीवरही प्रतिमा ठेवली नाही. शतकानुशतके ती जागा निवांत पडून होती. मार्च 2025 मध्ये ती कबर उखडावी अशी मागणी उठली, नागपुरास दंगल पेटली, आणि येथे कबरीवर कडक पहारा बसवावा लागला. ती बातमी ऐकली तेव्हा मला वेरूळच्या दगडांपेक्षा साताऱ्याच्या टेकडीचीच आठवण झाली. जे मेलेले असते त्याच्यावर कोणी घण उचलीत नाही. तीनशे वर्षांनी हा बादशहा कोणाच्या तरी मनात पुन्हा जिवंत झाला होता.

साताऱ्याचा खंडोबा मात्र परत आला. आज तेथे आहे ते देऊळ अहल्याबाईंनी बांधविले, असे गावकरी सांगतात. मुरळ्या सोडण्याची चाल बादशहाच्या हुकमाने थांबली नाही. तिच्याविरुद्ध आपल्याच सुधारकांस विसाव्या शतकात झगडावे लागले आणि मुंबई इलाख्यात 1934 मध्ये कायदा करावा लागला. शहर वाढत वाढत आता त्या डोंगरापर्यंत पोहोचले आहे; जेथे शाहजादा शिकार करी तेथे बंगले आणि चाळी झाल्या आहेत. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीस तेथे यात्रा भरते. गेल्या खेपेस मी गेलो तेव्हा पायऱ्यांवर भंडारा इतका सांडला होता की खालचा दगड दिसत नव्हता, आणि परत आल्यावर वहाणांस लागलेला पिवळा रंग दोन दिवस गेला नाही.